एका ट्रान्सपाँडरात सोळा चॅनल : गच्चीवरच्या प्रयोगाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

पाऊस दोन तास उघडला तेवढ्यात डिश बसवून घेतली. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. कराडच्या आमच्या गच्चीवरून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. 'दिसतो' म्हणजे डिशला. डिश ऑफसेट जातीची असल्याने तिचा चेहरा त्याहून बराच खाली वळलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं ही शेजारच्यांच्या नारळाकडे बघतेय. नारळाची एक झावळी खरोखरच आडवी येत होती. काकूंना विचारून ती काढली.

"टीव्ही तर आहे की तुमच्याकडे, आणखी डिश कशाला?" असं काकूंनी विचारलं. खरं उत्तर असं : पूर्वीच्या अ‍ॅनालॉग काळात उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे सिग्नल झेलून परत खाली पाठवणाऱ्या एका संचावरून, साधारण एकच चॅनल जायचा. आज तेवढ्याच जागेतून पंधरा-वीस जातात. पॉलिटेक्निकात हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. अनेक चॅनल एका प्रवाहात रचणाऱ्या मल्टिप्लेक्सरचा चौकोन काढायचा, डावीकडून बाण आत, उजवीकडून एक बाण बाहेर. पोरं वहीत उतरवून घेतात. पण त्या चौकोनात नक्की काय होतं, 'किती चॅनल मावतात' हे कोण आणि कशावरून ठरवतं, हे मी स्वतः कधी आकडे मांडून पाहिलं नव्हतं. या पावसाळ्यात ते करायचं.

या उपग्रहावरचं डीडी फ्री डिश निवडलं, कारण त्यातले बहुतेक चॅनल कुलूप नसलेले आहेत. सिग्नल पकडला की आतलं सगळं उघडून पाहता येतं. संगणकात उपग्रहाचा सिग्नल वाचणारं डीव्हीबी-एस२ कार्ड टाकलंय, डिशच्या तोंडाशी सिग्नल झेलणाऱ्या एलएनबीची वायर थेट त्याला.

६ ऑगस्ट

पहिलं रेकॉर्डिंग. ११०९० मेगाहर्ट्झ, उभं ध्रुवण, सिम्बॉल रेट २९५००, हजारांत. डिशवाल्यांच्या डायरीत हे तीन आकडे एकत्रच लिहिलेले असतात.

```
tsp -I dvb --delivery-system DVB-S --frequency 11090000000 \
  --symbol-rate 29500000 --polarity vertical --fec-inner 3/4 \
  -P until --seconds 60 -O file tp11090.ts
```

एका मिनिटाची फाइल ३०६ एमबीची झाली. दुसऱ्यांदा केली, तेवढीच. रात्री केली, पहाटे केली, तेवढीच. कुठल्या चॅनलवर काय चालू आहे याच्याशी या आकड्याला काही देणंघेणं नाही. तो कुठून येतो हे कागदावर काढलं :

सेकंदाला २९५ लाख सिम्बॉल. क्यूपीएसके मॉड्युलेशनमध्ये एका सिम्बॉलला दोन बिट, म्हणजे ५९ मेगाबिट. त्यातला चौथा हिस्सा वाटेतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी राखीव, कारण एफईसी ३/४ आहे. उरले ४४.२५. त्यानंतर आणखी एक दुरुस्तीचा थर, रीड-सॉलोमन : दर १८८ बाइटच्या मालासोबत १६ बाइट जादा जातात. ४४.२५ ला १८८/२०४ ने गुणलं की ४०.७८ मेगाबिट दर सेकंदाला.

हा झाला ट्रान्सपाँडरचा पगार. महिन्याच्या पगारासारखाच, कमी-जास्त होत नाही. पुढचं सगळं या ४०.७८ च्या आत भागवायचंय : चित्र, आवाज, चॅनलांच्या नावांची यादी, कार्यक्रम-पत्रिका, सगळंच.

दुसरी बाजू बघितली की पोटात गोळा येतो. साध्या एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. रंगाची माहिती निम्म्याहून कमी केली (डोळ्याला ते कळत नाही) तरी दबाव न देता पाठवायला सेकंदाला १२४ मेगाबिट लागतात. म्हणजे कॉम्प्रेशन नसेल तर या ट्रान्सपाँडरवर एका चॅनलचा तिसरा हिस्साच मावेल.

७ ऑगस्ट

फाइल बाइट-बाइट उघडून बसले. दर १८८ व्या बाइटला ४७ हा हेक्स आकडा. ही पाकिटाची सुरुवात. सेकंदाला अशी २७,११४ पाकिटं येतात. प्रत्येकावर तेरा बिटांचा पत्ता असतो, त्याला पीआयडी म्हणतात. एका चॅनलचं चित्र एका पीआयडीवर, आवाज दुसऱ्या. सेट-टॉप बॉक्स आधी पीआयडी शून्य वाचतो. तिथे लिहिलेलं असतं की कुठल्या चॅनलची यादी कुठल्या पीआयडीवर आहे. ती यादी वाचून चित्राचा आणि आवाजाचा पीआयडी घ्यायचा, त्यांचीच पाकिटं उचलायची, बाकी सगळी सोडून द्यायची. म्हणजे आपण एक चॅनल बघत असतो तेव्हाही बॉक्सच्या दारातून त्या ट्रान्सपाँडरचे सगळे चॅनल जात असतात.

पीआयडी ८१९१ ची पाकिटंही भेटली. ही रिकामी असतात. प्रवाह कायम ४०.७८ च्याच वेगाने धावणार, मग माल कमी पडला की जागा भरायला रिकामं पाकीट टाकायचं. एसटीसारखं : प्रवासी असोत-नसोत, गाडी वेळेवर सुटणार.

११ ऑगस्ट, रविवार

ठरवलं ते असं. दुसऱ्यांच्या चॅनलांचं मोजमाप करून उपयोग नाही. तिथे चित्र आधीच दाबलेलं आहे, दाबण्याआधी त्याला किती जागा हवी होती ते आता कळायचं नाही. स्वतःचं चित्रण घेऊन, स्वतःच दाबून, ४०.७८ च्या कागदी ट्रान्सपाँडरात बसवून बघायचं. सोळा चॅनल.

आधी खर्च वजा केले. सोळा चॅनलांचा आवाज, प्रत्येकी १२८ किलोबिट आणि वर वेष्टन : २.१६ मेगाबिट. याद्या आणि कार्यक्रम-पत्रिकेसाठी अर्धा मेगाबिट. उरलेल्यातून पाकिटांवरच्या पत्त्यांचे चार-चार बाइट गेले. सोळा चित्रांसाठी शिल्लक ३७.३ मेगाबिट. समान वाटले तर प्रत्येकी २.३३. म्हणजे १२४ चे २.३३, त्रेपन्न पटींचा दबाव.

चित्रणाचा साठा माझ्याच कॅमेऱ्यातला, गेल्या चार वर्षांतला. प्रत्येकी दहा मिनिटांचे आठ तुकडे काढले : कीर्तन, कॉलेजातलं व्याख्यान, हौशी नाटकाचा एक प्रवेश, आठवडी बाजार, कबड्डी, टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा, स्नेहसंमेलनातला नाच आणि गेल्या वर्षीची विसर्जन मिरवणूक. प्रत्येक तुकडा दोनदा वापरायचा, दुसरी प्रत पाच मिनिटं पुढून सुरू. झाले सोळा चॅनल.

१३ ऑगस्ट

आजचा दिवस वाया. क्रिकेटच्या तुकड्याला कीर्तनाच्या अकरा पट जागा लागतेय असं निघालं. मी खूश झाले, सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी चित्र लावून बघितलं तर धावणाऱ्या पोराच्या पायांना कंगव्याचे दात फुटलेले.

कॅमेरा इंटरलेस्ड आहे. एका चित्रात दोन अर्धी चित्रं, सम ओळींचं एक आणि विषम ओळींचं एक, सेकंदाच्या पन्नासाव्या हिस्स्याच्या अंतराने टिपलेली. मी मोठं चित्र लहान करताना संगणकाला हे सांगितलंच नाही. त्याने दोन्ही अर्धी एकमेकांत कालवली, आणि त्या कंगव्याच्या दातांवर बिट उधळले गेले. कीर्तनात कोणी पळत नाही, म्हणून तिथे कळलं नाही. योग्य आज्ञा :

```
ffmpeg -i cricket.mts -an -vf scale=720:576:interl=1 -r 25 \
  -c:v mpeg2video -flags +ildct+ilme -g 12 -bf 2 \
  -qscale:v 6 cricket_q6.ts
```

दूरदर्शनच्या दर्जाचं एसडी चित्र आजही इंटरलेस्डच जातं, तेव्हा ही चूक चुकून बरोबर ठरण्यातली नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. दिवसभर संगणक चालू. वरच्या आज्ञेतला `-qscale:v` हाच सगळ्या खेळाचा खटका आहे. एमपेग-२ हे दाबण्याचं तंत्र चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, एका चित्रात असे १,६२०. त्यांचे पुन्हा आठ-आठचे तुकडे करून, प्रत्येकात ढोबळ छटा किती आणि बारीक पोत किती असा हिशोब मांडतं आणि मग त्या आकड्यांना भागून पूर्णांकात आणतं. कशाने भागायचं तो हा आकडा. लहान भाजक, चित्र नीट, बिट जास्त. मोठा भाजक, बारीक पोत शून्यावर जाऊन बसतो, बिट वाचतात, आणि फार झालं तर चौकोन दिसायला लागतात. १ ते ३१ पर्यंत जातो. ६ ला चित्र चांगलं दिसतं, १० ला चालवून घ्यावं असं, २० च्या पुढे काकूसुद्धा तक्रार करतील.

पण खरी बचत भागाकारात नाही, आधीच्या चित्राच्या आधारावर पुढचं सांगण्यात आहे. बारा चित्रांचा एक गट. त्यातलं पहिलं पूर्ण पाठवायचं, ते आय-फ्रेम. पुढची तीन 'मागच्यात एवढा बदल' अशी, म्हणजे पी. मधली आठ मागचं आणि पुढचं दोन्ही बघून, म्हणजे बी. ६ वर दाबलेल्या कीर्तनातला एक गट मोजला : आय-फ्रेम ३५ केबी, पी प्रत्येकी ५ केबी, बी तर सव्वा केबीच्या आसपास. बुवा उभे आहेत, मागचा पडदा हलत नाही, हात आणि चिपळ्या तेवढ्या हलतात. सांगण्यासारखं नवीन फार काही नाही.

तसाच मिरवणुकीतला एक गट : आय ६० केबी, पी प्रत्येकी ३६, बी प्रत्येकी जवळपास २०. गुलाल उधळला होता. हवेतल्या गुलालाचा प्रत्येक कण मागच्या चित्रात नव्हता आणि पुढच्यात नसणार. 'मागच्यात एवढा बदल' म्हणायला मागचं काही उपयोगाचं उरतच नाही. नदीचं खळाळतं पाणी, पाऊस, कॅमेऱ्यांचे फ्लॅश, सगळ्यांचं हेच. माणसाला गर्दी आणि गुलाल म्हणजे 'मिरवणूक' असं एका शब्दात कळतं. चित्र दाबणाऱ्या एन्कोडरला मात्र कणन् कण सांगावा लागतो.

बारा चित्रं म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. चॅनल बदलला की बॉक्सला पुढची आय-फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं, तेवढा काळा पडदा त्यामुळेच. गट लांबवला तर बिट वाचतील, पण रिमोट दाबून माणूस ताटकळेल.

१८ ऑगस्ट, रविवार

आठ तुकडे बारा वेगवेगळ्या भाजकांवर दाबून झाले, एकूण ९६ फाइली. प्रत्येकीला दर सेकंदाला किती बिट लागले त्याचा तक्ता `ffprobe` ने काढला. भाजक सगळीकडे ६ ठेवला तर सरासरी अशी : व्याख्यान ०.९ मेगाबिट, कीर्तन १, नाटक १.५, बाजार ३.२, कबड्डी ३.४, क्रिकेट ३.८, नाच ४.४, मिरवणूक ५.४.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते तीन आकडे.

सोळा चॅनलांच्या सरासऱ्यांची बेरीज ४७.२. प्रत्येकाच्या सर्वात वाईट सेकंदाची बेरीज ८४. आणि सहाशे सेकंदांतला एकही सेकंद असा नाही की ज्यात सगळ्यांची एकत्र मागणी ५८.३ च्या पुढे गेली.

पुन्हा वाचलं. प्रत्येकाला त्याच्या कठीण क्षणापुरती जागा राखून द्यायची तर ८४ हवेत. एकत्र ठेवली तर ५८ पुरतात. मधले २६ मेगाबिट कुठल्याच हुशार गणिताने वाचवलेले नाहीत. ते एवढ्याचमुळे वाचतात की क्रिकेटमध्ये षटकार जातो त्याच सेकंदाला नाटकात नायक खिडकीत उभा राहून बाहेर बघत असतो.

२० ऑगस्ट

जागा ५८ ही नाही, ४७ ही नाही, ३७.३ आहे. म्हणजे भाजक वाढवावा लागणारच. प्रश्न एवढाच की कोणाचा. पायथनमध्ये दोन पद्धती लिहून बघितल्या.

पहिली, समान वाटणी. प्रत्येकाला २.३३, त्यात मावेल तो सर्वात लहान भाजक त्याने आपापला निवडावा. कीर्तन ३ वर जाऊन बसलं. इतकं स्वच्छ की ३ आणि ६ मधला फरक मला टीव्हीवर ओळखता आला नाही. म्हणजे तिथे बिट फुकट गेले. मिरवणूक सरासरी १६ वर, गुलालाच्या सेकंदाला २५. क्रिकेट एरवी १०, चेंडू सीमेकडे जाताना कॅमेरा फिरला की २०. म्हणजे बघण्यासारखं काही घडलं की नेमकं तेव्हाच चित्र फुटतं.

दुसरी, एकत्र पाणी. भाजक सगळ्यांचा एकच, दर सेकंदाला असा निवडायचा की सोळांची बेरीज ३७.३ च्या आत राहील. बहुतेक सेकंद ८ वर गेले. काही निवांत सेकंद ६ वर, सर्वात वाईट सेकंद १० वर. कीर्तनाचं चित्र ३ वरून ८ वर उतरलं, पण ते तक्रार करण्याइतकं नाही. मिरवणूक २५ वरून १० वर आली.

आमच्याकडे कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. घड्याळ लावून प्रत्येकाला तेवढेच तास, मग शेतात भात असो की ज्वारी. पहिली पद्धत तशी. दुसरीत पाटकरी दर सेकंदाला सगळ्या शेतांकडे बघून दार कमी-जास्त करतो. या पाटकऱ्याचं नाव स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सर, धंद्यातली माणसं नुसतं 'स्टॅटमक्स' म्हणतात. माझ्याकडे सगळं चित्रण आधीच दाबून तयार होतं, त्यामुळे पुढे काय येणार ते मला माहीत होतं. थेट प्रक्षेपणात ते माहीत नसतं. म्हणून खरे एन्कोडर चित्र थोडा वेळ रोखून धरतात, पुढे किती अवघड माल येतोय ते आधी मोजतात, नियंत्रकाला कळवतात, आणि त्याने दिलेल्या दरात दाबतात. उपग्रहावरचा चौकार शेजारच्या रेडिओवरच्या ओरड्यानंतर दिसतो, त्यातला काही उशीर या रोखण्याचा असतो.

सेकंदाच्या आतले चढउतार मी मोजले नाहीत, कारण ते बॉक्समधला साठा झेलतो. एमपेग-२ च्या साध्या एसडी बॉक्सला चित्रासाठी २२४ केबी राखून ठेवावेच लागतात. २.३३ च्या दराने तो पाऊण सेकंदाचा साठा झाला.

२३ ऑगस्ट

सोळा फाइलींची पाकिटं एकाआड एक रचून एक प्रवाह केला. व्हीएलसीमध्ये लावला. बुवांच्या चेहऱ्यावर कबड्डी.

कारण शोधायला दोन तास, दुरुस्तीला दोन मिनिटं. `ffmpeg` प्रत्येक फाइलीत चित्राला पीआयडी २५६ च देतो. सोळाही चॅनल एकाच पत्त्यावर, मग पोस्टमन काय करणार. प्रत्येक फाइलीला `-mpegts_start_pid`, `-mpegts_pmt_start_pid` आणि `-mpegts_service_id` वेगळे दिले, पीआयडी शून्यावरची यादी स्वतः नव्याने लिहिली, तेव्हा सोळा चॅनल वेगळे झाले.

तरी दर काही सेकंदांनी चित्राला हिसका. पाकीट आपल्या मूळ जागेवरून हललं की त्याच्यातलं घड्याळ चुकतं. प्रत्येक चॅनल थोड्या थोड्या वेळाने 'आत्ता किती वाजले' ते पाठवतो, २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाने मोजून. बॉक्स आपलं घड्याळ त्याच्याशी जुळवत राहतो. एक पाकीट पुढे-मागे झालं तर ३७ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, आणि माझ्या रचनेत काही पाकिटं शेकड्याने सरकली होती. खरा मल्टिप्लेक्सर पाकीट जिथे ठेवतो तिथली वेळ त्यावर नव्याने लिहितो. मीही लिहिली. हिसके गेले.

२६ ऑगस्ट

धो धो. खाली कार्डाचं मोजमाप लावून बसले. निरभ्र आकाशात सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर १२.५ डेसिबल असतं, ते ११, ९.५, ८ असं उतरत गेलं. ८ लाही चित्र काचेसारखं. आतमध्ये चुका दुरुस्त करणारे दोन्ही थर घाम गाळत होते, कच्च्या चुकांचा आकडा चढत होता, पडद्यावर काही नाही. ७ च्या खाली गेलं आणि सगळं एकदम थिजलं. डिजिटलला मुंग्या येत नाहीत, कडा आहे आणि कड्याखाली काही नाही.

या कड्याची जागा एफईसी ठरवतं. ३/४ ऐवजी ७/८ ठेवलं तर दुरुस्तीला कमी बिट जातील आणि ४०.७८ चे ४७.५८ होतील. ६.८ मेगाबिट जास्त, म्हणजे माझ्या हिशोबाने जवळजवळ तीन चॅनल. बदल्यात कडा दीड डेसिबल अलीकडे येतो, ८.५ च्या आसपास. आज दुपारी सिग्नल ७ आणि ८.५ च्या मध्ये किती वेळ होता ते नोंदवहीत मोजलं : बावीस मिनिटं. लहान डिशच्या घरात आणखी जास्त. तीन चॅनलांसाठी तेवढा वेळ काळा पडदा, हा सौदा आमच्या पावसात मी तरी केला नसता.

२८ ऑगस्ट

काकूंच्या घरी बोलावणं. "आमच्याकडे चौकोन येतात, तुमच्या डिशमुळे नाही ना?"

गेले. एकाच चॅनलवर, नाचाच्या कार्यक्रमात, दिवे लुकलुकले की चेहरे मऊ आणि चौकोनी होत होते. आवाज ठणठणीत. त्याच ट्रान्सपाँडरचा दुसरा चॅनल लावला, स्वच्छ. म्हणजे डिश, वायर, पाऊस कोणाचाच दोष नाही, चित्र पाठवतानाच तसं दाबलं गेलंय. घरी येऊन विद्यार्थ्यांसाठी तीन ओळी लिहून ठेवल्या, कारण दुरुस्तीवाले यात सर्रास डिश हलवून बसतात.

वाटेत पाकिटं हरवली तर चित्र फाटतं : हिरवे-गुलाबी पट्टे, अर्धा चेहरा मागच्या दृश्यातला, आवाजात चिरका, आणि हे त्या ट्रान्सपाँडरच्या सगळ्या चॅनलांवर एकदमच. बिट कमी पडले तर काही फाटत नाही, नुसतं धूसर आणि चौकोनी होतं, हालचाल थांबली की अर्ध्या-एक सेकंदात सावरतं, आणि एकाच चॅनलवर असतं. शंका उरली तर पाकिटावरचा क्रमांक बघायचा. प्रत्येक पीआयडीची पाकिटं ० ते १५ अशी ओळीने मोजलेली असतात. ओळ तुटली असेल तर पाकीट हरवलंय, सलग असेल तर दोष दाबण्याचा.

"मग यावर उपाय काय?" काकू.

"तुमच्याकडे काही नाही, काकू."

"मग एवढं सांगितलंस कशाला," म्हणाल्या आणि चहा टाकला.

५ सप्टेंबर

परवा गणपती बसतायत, त्यावरून सुचलेला प्रयोग. स्टॅटमक्सचा सगळा फायदा एका गृहीतावर उभा आहे : सगळ्यांना एकाच वेळी अवघड जात नाही. ते गृहीत मोडून बघू. कीर्तन, व्याख्यान, नाटक, बाजार काढून टाकले. मिरवणूक, नाच, क्रिकेट, कबड्डी प्रत्येकी चार. झाले सोळा.

६ च्या भाजकाला मागणी सरासरी ६८ मेगाबिट. ३७.३ मध्ये बसवायला एकत्र भाजक १३ वर गेला, वाईट सेकंदाला १६. आणि समान वाटणीशी तुलना केली तर मिरवणूक सोडली तर कोणाला फारसा फायदा नाही. कबड्डी तर समान वाटणीत जास्त चांगली दिसत होती. पाटकरी तोच, हुशारी तीच, पण ज्याचं पाणी उचलून द्यायचं असं शेतच नाही.

यावरून ट्रान्सपाँडरवर कोणाच्या शेजारी कोण बसवायचं हाही तांत्रिक प्रश्न आहे हे आलं. सगळे खेळाचे चॅनल एकत्र ठेवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. भजनाचा, बातम्यांचा, मालिकांचा आणि खेळाचा असे मिसळले की एकमेकांना सांभाळून घेतात. मात्र फ्री डिशवर जागा लिलावाने विकली जाते. पैसे मोजणारा माझी जागा शेजाऱ्याला का, असं विचारणारच. म्हणून पाटकऱ्याला सहसा प्रत्येक चॅनलसाठी किमान आणि कमाल दराची मर्यादा घालून देतात. जितकी किमान जास्त, तितकी ही पद्धत समान वाटणीकडे सरकते आणि फायदा वितळतो.

१० सप्टेंबर

एका विद्यार्थ्याचा रास्त प्रश्न : एमपेग-४ वापरलं तर हे रडगाणं उरत नाही ना, बिट निम्मे लागतात, मग सगळंच त्यात का नाही?

मिरवणुकीचा तुकडा एच.२६४ मध्ये, म्हणजे एमपेग-४ च्याच प्रकारात, दाबून बघितला. डोळ्याला सारखं दिसेल इतपत करायला निम्म्याहून थोडेच जास्त बिट लागले, कीर्तनाला निम्म्याहून कमी. तेव्हा म्हणणं खरं आहे. पण आपल्या काकूंचा बॉक्स एमपेग-२ चा आहे, बाजारातून रोख पैशाने आणलेला. पैसे भरून घ्यायच्या सेवेत कंपनी बॉक्स बदलून देऊ शकते. फुकट सेवेत बॉक्स कोणाकडे कुठला आहे हे पाठवणाऱ्याला माहीतही नसतं. म्हणून फ्री डिशवर एमपेग-२ च्या जागा अजून आहेत आणि एमपेग-४ च्या वेगळ्या. जुन्या बॉक्सवर त्या नव्या जागांवरचे चॅनल एक तर सापडत नाहीत, किंवा नाव दिसतं आणि पडदा काळा राहतो.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

दुपारपासून कार्ड चालू. पाऊस नाही, सिग्नल १२.६. एका ट्रान्सपाँडरवरच्या सगळ्या चित्रांच्या पीआयडींचा दर सेकंदाचा खर्च नोंदवत राहिले. बेरीज अर्थातच जवळजवळ सरळ रेघ. सहाच्या सुमारास मिरवणुकींची थेट दृश्यं वाढली, गुलाल सुरू झाला. आठच्या सुमारास काकूंनी गच्चीवरून हाक मारली, "अगं, आले बघ तुझे चौकोन!"

रेघ तिथेच होती. रिकामी पाकिटं मोजली, सेकंदाला तीनशेच्या खाली आली होती. दुपारी ती नऊशेच्या वर होती.